साधनचिकित्सा : उगम, हेतू आणि पूर्वग्रह

इतिहासाच्या प्रकल्पात एखादे प्राथमिक साधन पुरावा म्हणून वापरण्याआधी त्याची जी तपासणी करतात, ती साधनचिकित्सा. प्राथमिक साधन म्हणजे घटनेच्या काळातला, किंवा घटना स्वतः पाहिलेल्या माणसाने मागे ठेवलेला कागद, वस्तू अथवा आठवण. ते कोणी, केव्हा व कोठे निर्माण केले हा त्याचा उगम. कोणाला काय पटवायला किंवा करायला लावायचे होते, हा हेतू. या दोहोंमुळे मजकूर कोणत्या बाजूला कलला, हा पूर्वग्रह. हा क्रम मोडू नये, कारण पूर्वग्रह हवेतून ओळखता येत नाही. तो उगम आणि हेतू यांतूनच काढावा लागतो.

सोलापूरच्या विद्यार्थ्याला यासाठी दूर जावे लागत नाही. गांधीजींना ५ मे १९३० रोजी अटक झाली. ८ मे रोजी सोलापुरात जमाव आणि पोलीस यांच्यात चकमक झाली, गोळीबार झाला, पोलीसही मारले गेले. त्यानंतर पोलीस शहरातून मागे घेण्यात आले. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला व तो ३० जूनपर्यंत राहिला. याच प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली.

प्रकल्पासाठी या काळातला एखादा सरकारी अहवाल निवडला असे समजू. पुष्कळ वह्यांत एकच वाक्य सापडते : 'लेखक इंग्रज अधिकारी असल्याने साधन पक्षपाती आहे.' हे वाक्य त्या काळातल्या कोणत्याही सरकारी कागदाला चिकटवता येते, म्हणून ती चिकित्सा नव्हे. आधी तारीख पाहावी. ९ मेची तार आणि जूनमधला अहवाल एकाच कचेरीतून गेले असले, तरी ती दोन वेगळी साधने आहेत. तार मदत मागते. जूनमधल्या अहवालाला मात्र मुलकी कारभार लष्कराच्या हाती का दिला, याचा जबाब मुंबई सरकारला द्यायचा असतो. कलेक्टर हेन्री नाइट यांच्या नावाचा कागद असेल, तर तो वाचणारा त्यांचा वरिष्ठ होता, हेही लक्षात घ्यावे लागते.

हेतू असा स्पष्ट झाला की कल शोधणे सोपे जाते, आणि तो सगळीकडे सारखा नसतो. मार्शल लॉचे समर्थन करणाऱ्याला शहरातली अंदाधुंदी मोठी दाखवण्यात रस असतो. गोळीबारात किती माणसे गेली हे सांगताना त्याच लेखकाला आकडा लहान ठेवावासा वाटेल. म्हणजे एकच कागद एका परिच्छेदात फुगवतो, दुसऱ्यात दडपतो. सबंध अहवालावर 'पक्षपाती' असा शिक्का मारण्यापेक्षा विधानागणिक विचारावे : हे असे लिहून लेखकाचा काय फायदा?

याच ठिकाणी सर्वांत फसवा भाग येतो. ९ ते ११ मे या दिवसांत शहरावर सरकारचा ताबा उरला नव्हता, असे सरकारी बाजू सांगते. चळवळीतल्या लोकांच्या आठवणीही सोलापूर त्या दिवसांत स्वतंत्र होते असे अभिमानाने सांगतात. दोन विरुद्ध बाजू एकच सांगतात, तेव्हा ते खरेच असणार, असे विद्यार्थी लिहून मोकळा होतो. पण एकाला लष्कर बोलावल्याचे समर्थन हवे होते, दुसऱ्याला विजयाची कहाणी. दोघांचीही सोय त्याच विधानात होती, म्हणून ही सहमती वाटते तितकी भक्कम नाही. शिवाय आठवणी बऱ्याचदा स्वातंत्र्यानंतर, हुतात्म्यांबद्दलचा आदर मनात ठेवून लिहिल्या जातात. त्याने त्या खोट्या ठरत नाहीत, पण लिहिण्याचे वर्ष नोंदवलेच पाहिजे. असा पेच सोडवायला ज्याला या वादाशी देणेघेणे नाही असा कागद शोधावा : गिरणीचे हजेरीपत्रक, दवाखान्याची नोंदवही, व्यापाऱ्याची खतावणी. ११ मेला बाजार उघडा होता की नाही, हे रोजमेळातली एक ओळ अधिक भरवशाने सांगते, कारण ती लिहिणाऱ्याला कोणालाही पटवायचे नव्हते.

कललेले साधनही टाकून देऊ नये. राष्ट्रीय झेंडा लावण्याला मार्शल लॉच्या काळात बंदी होती. अशा हुकुमावरून लोकांनी तो पाळला असे सिद्ध होत नाही. पण जे कोणी करतच नाही त्यावर बंदी घालण्याची गरज सहसा पडत नाही, म्हणून झेंडे लागत होते याचा तो चांगला पुरावा ठरतो. सरकारला कशाची धास्ती होती, हेही त्यातून कळते. वर्तमानपत्रांतल्या शांततेचा अर्थही जपून लावावा. व्हाइसरॉय आयर्विन यांनी एप्रिल १९३० च्या अखेरीस वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा वटहुकूम काढला होता. त्यामुळे त्यानंतरच्या अंकात एखादी बातमी आढळली नाही, तर ती घटना घडली नाही असे म्हणता येत नाही. सरकार वृत्तपत्राकडून जामिनाची रक्कम मागेल या भीतीने संपादकाने ती गाळली असण्याची शक्यताही तेवढीच असते.