प्रयोग-अहवालातील संदर्भसूची: क्रमांक पद्धत आणि लेखक-वर्ष पद्धत

प्रयोग-अहवालात वापरलेली पुस्तके, मानके आणि शोधनिबंध शेवटी ज्या यादीत देतात ती संदर्भसूची. ती मांडण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. क्रमांक पद्धतीत मजकुरात [१], [२] असे आकडे येतात आणि सूची त्याच क्रमाने लागते. लेखक-वर्ष पद्धतीत मजकुरात (जेफ्री व इतर, १९८९) असा उल्लेख येतो आणि सूची आडनावांच्या वर्णक्रमाने लागते. लेखक-वर्ष पद्धतीचा उगम हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या १८८१ च्या लेखात मानतात. वैद्यकीय नियतकालिकांची क्रमांक पद्धत १९७८ साली व्हँकुव्हरला भरलेल्या संपादकांच्या बैठकीतून रूढ झाली, म्हणून तिला ‘व्हँकुव्हर’ हे नाव पडले.

दोन्हींतला फरक खरा कळतो तो लिहून झालेल्या अहवालात एक संदर्भ वाढवावा लागतो तेव्हा. सोलापुरातल्या एखाद्या बोअरवेलच्या पाण्याची कठिणता मोजण्याचा प्रयोग घेऊ. ५० मिलि नमुना, पीएच १०, एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक आणि ०.०१ मोलर ईडीटीए. रंग वाइनलालवरून निळा होईपर्यंत २२.४ मिलि ईडीटीए लागले, तर कठिणता कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात ४४८ मिग्रॅ/लि. येते. प्रस्तावनेत पिण्याच्या पाण्याचे मानक आयएस १०५००:२०१२ सांगितले, ते [१]. कृतीत व्होगेलच्या परिमाणात्मक विश्लेषणाच्या पुस्तकाची, जेफ्री व इतरांनी सुधारलेली, पाचवी आवृत्ती आली, ती [२]. गणनेत सूत्रासाठी पुन्हा [२]. निष्कर्षात, स्वीकार्य मर्यादा २०० आणि पर्यायी स्रोत नसताना चालणारी कमाल मर्यादा ६००, हे सांगताना पुन्हा [१]. एकाच स्रोताला दुसऱ्यांदा नवा आकडा मिळत नाही. विद्यार्थी सर्वांत जास्त चुकतात ते इथेच.

आता सर म्हणाले, “कृतीत आयएस ३०२५ चा भाग २१ पण दाखवा,” आणि तो पुस्तकाच्या आधी घालायचा आहे. मग तो [२] होतो आणि पुस्तक [३]. गणनेतला जुना [२] हाताने टाइप केलेला असेल आणि तसाच राहिला, तर सूत्राचे श्रेय पुस्तकाऐवजी मानकाला जाते. अहवाल वरून नीटनेटका दिसतो, त्यामुळे ही चूक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तपासायचे तर शेवटून सुरुवात करावी: सूचीतला प्रत्येक आकडा मजकुरात शोधावा आणि तिथले वाक्य त्या स्रोतातलेच आहे का ते पाहावे. फक्त तक्त्यात आलेला संदर्भही मोजला जातो. त्याचा क्रम मजकुरात त्या तक्त्याचा पहिला उल्लेख जिथे येतो, त्या जागेवरून ठरतो.

लेखक-वर्ष पद्धतीत हाच बदल एका ओळीत संपतो. सूचीत भाग २१ ची (भारतीय मानक ब्युरो, २००९) ही नोंद आयएस १०५०० च्या २०१२ च्या नोंदीआधी बसते, कारण एकाच कर्त्याच्या नोंदी वर्षक्रमाने लागतात. मजकुरातले बाकीचे उल्लेख जागचे हलत नाहीत. दोन्ही मानके एकाच वर्षीची असती तर २०१२अ, २०१२ब असे लिहावे लागले असते, आणि ती अक्षरे मजकुरात व सूचीत जुळावी लागली असती. मानकावर ‘पुनर्पुष्टी’चे वर्ष छापलेले असते, ते इथे घेत नाहीत. मानकाच्या क्रमांकात विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनंतरचे वर्ष घ्यायचे.

या पद्धतीतला खरा गुंता वर्णक्रमाचा. इंग्रजी अहवालात ‘ब्युरो’चा बी ‘जेफ्री’च्या जेआधी येतो. मराठीत लिहिल्यावर ज आधी आणि ‘भारतीय’चा भ नंतर, म्हणजे सूची उलटी होते. म्हणून भाषांतर करताना यादी पुन्हा लावावी लागते. मराठी नावात आडनाव शेवटी असते, ते पुढे आणून बाकीची अक्षरे मागे टाकतात. कन्नड-तेलुगू-तमिळ नावांत मात्र पुढची अक्षरे अनेकदा गावाची किंवा वडिलांची असतात आणि शेवटचे नाव आडनाव नसतेच. चं. वें. रामन यांची नोंद ‘रामन’खालीच जाते. सोलापूरसारख्या तीन भाषांच्या शहरात नाव कसे तोडायचे ते मूळ लेखावरून पाहिलेले बरे.

मांडणीतही फरक आहे. क्रमांक सूचीत आकडा डावीकडे सुटा राहतो आणि वर्ष नोंदीच्या शेवटाकडे येते: ‘३. जेफ्री जीएच, बॅसेट जे, मेंडहॅम जे, डेनी आरसी. … पाचवी आवृत्ती. हार्लो: लाँगमन, १९८९.’ लेखक-वर्ष सूचीत वर्ष नावांना चिकटून येते, आकडा नसतो, आणि दुसऱ्या ओळीपासून १.२७ सेंमी आत सरकवतात, म्हणजे आडनावे कडेने वाचता येतात. रसायनशास्त्राच्या अहवालात क्रमांक ओळीच्या वर छोट्या अक्षरात देऊ नये. ‘४४८ मिग्रॅ/लि.³’ यातला ३ संदर्भ आहे की घात, हे वाचणाऱ्याला कळत नाही. चौकटी कंसात तो गोंधळ होत नाही.

दोन्हींची भेसळ बहुतेकदा चूक असते, पण नेहमीच नाही. वर्णक्रमाने लावून मग क्रमांक दिलेली सूचीही मान्य आहे, गणितात ती दिसते. लाटेक वापरणाऱ्याला मात्र ती नकळत मिळू शकते: `plain` शैली नोंदी वर्णक्रमाने लावून आकडे देते, `unsrt` त्या उल्लेखाच्या क्रमाने ठेवते. पहिलाच उल्लेख [३] असा छापून आला, तर शैलीचे नाव बदलून पाहावे.