कानशिलावरचे पांढरे केस रंग का धरत नाहीत?

पाकिटावर लिहिल्याप्रमाणे तीस मिनिटं रंग ठेवला, धुतला, केस वाळवले. बाकी डोकं एकसारखं काळं, पण कपाळाच्या कडेला आणि कानशिलावर पांढरे केस जसेच्या तसे. बहुतेकजण म्हणतात, रंगच खराब निघाला. कानशिलावरचे पांढरे केस मुळातच चिवट असतात हे खरं, पण रोज बुचडा चापून बसवण्यासाठी वॅक्स स्टिक फिरते तीही नेमकी तिथेच. म्हणून रंगाला दोष देण्याआधी तिथे मेणाचा थर साचलाय का ते तपासावं.

कायमच्या रंगातले कण सुरुवातीला अगदी लहान असतात. अमोनियामुळे केस फुगतो, त्याच्या बाहेरच्या खवल्या उघडतात, कण आत शिरतात आणि तिथे पेरॉक्साइडच्या संपर्कात येऊन मोठे, रंगीत होतात. हे सगळं पाण्याच्या साहाय्याने चालतं. मधे मेणाचा थर असला की ओलं मिश्रण केसावर नीट टेकतच नाही. मेंदीचं तर आणखी अवघड, कारण तिच्यात खवल्या उघडणारा अमोनिया नसतो.

मेण आहे का हे ओळखायला साधा टिश्यू पेपर पुरतो. कोरड्या केसांवर कडेला तो दाबून धरा आणि वरून वीसेक सेकंद ड्रायरची कोमट हवा द्या. कागदावर तेलकट, अर्धपारदर्शक डाग उमटला, तर तिथे मेण किंवा तेल आहे. केस पाण्याच्या पेल्यात टाकून तो तरंगतो का बुडतो हे पाहण्यात मात्र अर्थ नाही. निरोगी, स्वच्छ केसही पाणी झटकतो आणि तरंगतो.

मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळतं. आंघोळीचं पाणी ४० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे नुसत्या गरम पाण्याने ते जात नाही, आणि तेवढं कढत पाणी डोक्यावर घेताही येत नाही. मेण विरघळतं ते तेलात. म्हणून कोरड्या केसांवर, फक्त वॅक्स लागतं त्या पट्ट्यात, एक-दोन चमचे कोमट खोबरेल बोटांनी चोळा. दहा-पंधरा मिनिटांनी बारीक दातांच्या कंगव्याने विंचरून कंगवा प्रत्येक वेळी कापसाने पुसा. मग पाणी न घालता, तेलकट केसांवरच शाम्पू चोळा आणि त्यानंतर थोडं थोडं पाणी घालत जा. तेल दुधासारखं पांढुरकं झालं की मेण घेऊन सुटतं. आधीच भरपूर पाणी ओतलं तर तेल तसंच राहतं, आणि मेणाच्या जागी तेलाचा थर घेऊन आपण रंगवायला बसतो.

सिलिकोनचा प्रकार वेगळा. ते सिरम आणि कंडिशनरमधून येतं आणि मुख्यतः लांबीवर, टोकांवर बसतं. डब्यावर अमोडायमेथिकोन या सिलिकोनचं नाव असेल, तर त्यावर धन विद्युतभार असतो. झिजलेल्या केसावर ऋण भार जास्त, म्हणून ते तिथेच घट्ट चिकटतं. यासाठी साचलेला थर उतरवणारा क्लॅरिफायिंग शाम्पू लागतो. त्यात सल्फेट किंवा ओलेफिन सल्फोनेट असावं, आणि डायमेथिकोन किंवा पॉलिक्वाटर्नियमने सुरू होणारं नाव नसावं, नाहीतर धुता धुता नवा थर चढतो. खांद्यापर्यंतच्या केसांना दर वेळी साधारण १० मिली पुरे. पहिल्या धुण्याला फेस कमीच येतो. तो धुऊन दुसऱ्यांदा लावा आणि दोन-तीन मिनिटं राहू द्या. ओला केस दोन बोटांत धरून खाली ओढला की चरचर जाणवायला हवी. अजून सुळसुळीत लागला तर तिसरं धुणं घ्या. कंडिशनर लावू नका.

लिंबू किंवा व्हिनेगरने मेण वा सिलिकोन निघत नाही. बोअरच्या पाण्याचे क्षार त्यांनी थोडे सुटतात, तेवढंच. खाण्याच्या सोड्याने केस फक्त खरखरीत होतात.

हे सगळं रंगवण्याच्या आदल्या दिवशी करावं, त्याच दिवशी नाही. घासून धुतलेल्या टाळूवर अमोनिया झोंबतो. एका दिवसात टाळूचं स्वतःचं तेल पुन्हा थोडं येतं, आणि तेवढं रंगाला आड येत नाही. शाम्पू चोळताना नखं लावू नका. रंगाची अ‍ॅलर्जी चाचणी मात्र ४८ तास आधी, म्हणजे या धुण्याच्याही आधी करायची असते.

स्वच्छ केसांची एक अडचण आधीच सांगायला हवी. टोकांवरचं सिलिकोन निघाल्यावर झिजलेली टोकं रंग भराभर पितात आणि मुळांपेक्षा गडद दिसू लागतात. म्हणून रंग आधी कानशिलांना आणि मुळांना लावा, टोकांवर शेवटच्या पाच मिनिटांतच ओढा. आणि एवढं करूनही, टिश्यूवर डाग येत नसताना, कानशिलावरचे केस पांढरेच राहिले, तर अडथळा थराचा नाही, केसाच्या चिवटपणाचा आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा धुण्याने काही साधत नाही. तिथे रंग सर्वांत आधी लावावा आणि पाकिटावर दिलेल्या मर्यादेतली पूर्ण वेळ ठेवावा.