शॅडोबॅन

एखाद्याच्या खात्यावर किंवा मजकुरावर त्याला न कळवता घातलेली बंदी म्हणजे शॅडोबॅन. खातेदाराला स्वतःचे सगळे जागच्या जागी दिसते, बाकी कोणालाच काही दिसत नाही. ही शब्दाची काटेकोर व्याख्या झाली. व्हिडिओ करणाऱ्यांच्या तोंडी मात्र तो बराच सैल झाला आहे. ‘रीच गेला’, ‘व्ह्यूज बसले’, ‘चॅनल फ्रीज झालं’ अशा सगळ्या तक्रारींना आता हेच एक नाव आहे आणि गोंधळाचे मूळही तिथेच आहे.

कल्पना जुनी, १९८० च्या दशकातल्या, संगणकावरून निरोप टाकायच्या बुलेटिन बोर्डांच्या काळातली. खोडसाळ सदस्याला हाकलले तर तो दुसऱ्या नावाने परत येतो. त्यापेक्षा त्याला बोलू द्यावे, फक्त ते कोणाला ऐकू जाऊ नये, असा त्यामागचा हिशेब होता. रेडिटने हीच युक्ती स्पॅम करणाऱ्यांवर बरीच वर्षे वापरली आणि २०१५ मध्ये सामान्य सदस्यांसाठी उघड निलंबनाची सोय आणली. ट्विटरने जुलै २०१८ मध्ये ‘आम्ही शॅडोबॅन करत नाही’ असे जाहीर केले, पण त्याच निवेदनात ट्वीट क्रमवारीत खाली-वर होतात हेही मान्य केले. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली, तेव्हा काही खात्यांची दृश्यता कमी करणाऱ्या खुणा त्यांत दिसल्या. कंपनी काटेकोर व्याख्येला धरून बोलत होती, लोक सैल व्याख्येला धरून. दोघांनाही आपण खरेच बोलतो आहोत असे वाटत होते.

व्हिडिओच्या बाबतीत पूर्ण अदृश्य करण्यापेक्षा ‘शिफारशीतून वगळणे’ हा प्रकार कितीतरी जास्त आढळतो. व्हिडिओ चॅनलवर असतो, लिंक दिली तर उघडतो, पण अनोळखी प्रेक्षकाच्या होम पानावर जात नाही. यूट्यूबने जानेवारी २०१९ मध्ये नियमांच्या काठावर असलेल्या दिशाभूल करणाऱ्या व्हिडिओंच्या शिफारशी कमी करण्याचे जाहीर केले. वयाची अट लागलेल्या व्हिडिओलाही हाच फटका बसतो. इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये दुसऱ्या ॲपचा वॉटरमार्क असलेल्या रील्स कमी सुचवायला सुरुवात केली. तुमच्या पोस्ट शिफारशीस पात्र आहेत का, हे तिथे सेटिंग्जमधल्या Account Status मध्ये दिसते. संशय आला की पहिले काम हे पान उघडण्याचे. यूट्यूबवरचे पिवळे डॉलरचिन्ह मात्र जाहिरातींविषयी असते. त्यामुळे शिफारशी कमी होत नाहीत, असे कंपनी सांगते.

पण बहुतेक तक्रारींत यातले काहीच नसते. व्हिडिओ दाखवला गेला आणि लोकांनी तो निवडला नाही, एवढेच घडलेले असते. हा फरक यूट्यूब स्टुडिओच्या आकड्यांत बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो. त्यासाठी तीन आकडे एकत्र वाचावे लागतात: इम्प्रेशन्स, म्हणजे थंबनेल किती वेळा समोर आले, सीटीआर, म्हणजे त्यातल्या किती टक्के वेळा लोकांनी त्यावर क्लिक केले, आणि सरासरी किती वेळ पाहिले. थंबनेलचा निम्मा भाग तरी पडद्यावर एका सेकंदाहून जास्त राहिला, तरच इम्प्रेशन मोजले जाते. निम्म्या चॅनलांचा सीटीआर २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो, असे यूट्यूब सांगते.

समजा, एक चॅनल सायकल दुरुस्तीचे आहे. त्याच्या व्हिडिओला पहिल्या आठवड्यात साधारण ६०,००० इम्प्रेशन्स आणि ६ टक्के सीटीआर मिळतो, म्हणजे त्यातून ३,६०० व्ह्यूज. नऊ मिनिटांच्या व्हिडिओतली चार मिनिटे लोक पाहतात. मालकाने एकदा दुरुस्ती सोडून आपल्या लांबच्या सायकल प्रवासाचा व्हिडिओ टाकला. पहिल्या दिवशी ५,००० इम्प्रेशन्स, २.८ टक्के सीटीआर, १४० व्ह्यूज आणि सरासरी एक मिनिट वीस सेकंद. आठवडाअखेर इम्प्रेशन्स ११,००० वर थांबली, सीटीआर २.५ टक्क्यांवर आला आणि एकूण २७५ व्ह्यूज झाले. ‘शॅडोबॅन झालो’, असे त्याला वाटले.

आकडे वेगळे सांगतात. थंबनेल पाच हजार वेळा समोर आले, तेही मुख्यतः नेहमीच्या प्रेक्षकांच्या, आणि त्यांनीच ते ओलांडून पुढे स्क्रोल केले. ज्यांनी उघडले ते सव्वा मिनिटात निघून गेले. ब्रेक कसा घट्ट करायचा हे शिकायला येणाऱ्या माणसाला प्रवासवर्णन नको होते. ओळखीच्यांनीच घेतले नाही, तर अनोळखी लोकांना दाखवण्याचे कारण यंत्रणेकडे उरत नाही. खात्री करायला त्याने लॉगआउट करून व्हिडिओचे पूर्ण शीर्षक शोधले. व्हिडिओ वरच सापडला.

खरी मर्यादा असती तर चित्र उलटे दिसले असते. पाहणारे नेहमीइतकेच टिकले असते, पण होम पान आणि सुचवलेले व्हिडिओ या दोन वाटांनी येणारे प्रेक्षक जवळजवळ शून्यावर आले असते. लिंकवरून येणारे चालू राहिले असते. निर्बंध संपूर्ण खात्यावर असेल, तर ही घसरण एकाच दिवसापासून जुन्या व्हिडिओंतही दिसते. एकच व्हिडिओ पडला आणि बाकीचे नेहमीसारखे चालू आहेत, तर खात्यावर ठपका असण्याची शक्यता फारच कमी.

इथे एक फसवी जागा आहे. सीटीआर १२ टक्के, पण इम्प्रेशन्स फक्त ८००, असे दिसले की ‘लोकांना आवडतंय, तरी दाबलंय’ असे वाटते. प्रत्यक्षात इम्प्रेशन्स कमी असतात तेव्हा ती बहुधा कट्टर चाहत्यांचीच असतात आणि ते कशावरही क्लिक करतात. व्हिडिओ अनोळखी लोकांपर्यंत गेला की सीटीआर खाली येणे स्वाभाविक आहे. विषयच मोजक्या लोकांचा असेल, तर चांगला व्हिडिओही तिथेच थांबतो. याला बंदी म्हणता येत नाही, मागणीच तेवढी असते.

‘दोन दिवस काही टाकू नका’, ‘हॅशटॅग काढा’, ‘ॲप काढून पुन्हा टाका’ हे घरगुती उपाय गुण देतात असे अनेकजण शपथेवर सांगतात. उपाय करायची वेळ येते ती सर्वांत वाईट व्हिडिओनंतर, आणि सर्वांत वाईट व्हिडिओनंतरचा व्हिडिओ बहुधा सरासरीजवळच जातो. उपाय केला नसता तरी तो तिथेच गेला असता.

याचा अर्थ सगळ्या तक्रारी मनाच्या खेळाच्या आहेत असा नाही. टिकटॉकने काही काळ अपंग वापरकर्त्यांच्या व्हिडिओंचा प्रसार मुद्दाम मर्यादित ठेवला होता. छळ टाळण्यासाठी, असे त्याचे कारण दिले गेले. २०१९ च्या अखेरीस हे उघड झाल्यावर कंपनीने चूक मान्य केली. त्या लोकांना स्वतःच्या आकड्यांतून एवढेच कळत होते की आपले व्हिडिओ चालत नाहीत. कारण कळायला मार्ग नव्हता. युरोपीय संघाच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टमधले १७ वे कलम नेमके याच मुद्द्यावर आहे: मजकुराची दृश्यता कमी केली, तर कंपनीने त्याचे कारण वापरकर्त्याला कळवले पाहिजे. फेब्रुवारी २०२४ पासून तो कायदा पूर्णपणे लागू झाला. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने एका वापरकर्त्याचे खाते न कळवता शोधात लपवल्याबद्दल एक्स कंपनीविरुद्ध निकाल दिला. क्रमवारीत नैसर्गिकपणे मागे पडलेल्या व्हिडिओला मात्र हे कलम लागू होत नाही, म्हणून सायकलवाल्याला त्याखाली काही मागता आले नसते.