आठव्या फ्रेमला लाथ लागलीच पाहिजे

फायटिंग गेममधली एक मध्यम ताकदीची लाथ घेऊ. बटण दाबल्यापासून लढवय्या पुन्हा मोकळा होईपर्यंतचा सगळा प्रकार अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपतो. एवढ्या वेळात पाय उचलला जातो, सरळ होतो, समोरच्याला लागतो आणि परत जमिनीवर येतो. पाहणाऱ्याला ही एक सलग हालचाल वाटते. गेमच्या हिशेबात मात्र तिचे तीन तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याची लांबी फ्रेममध्ये ठरलेली असते.

अशा बहुतेक गेमचं गणित सेकंदाला ६० वेळा चालतं. म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. आपल्या लाथेसाठी डिझायनरने असे आकडे ठरवलेत असं धरू: स्टार्टअप ८, ॲक्टिव्ह ३, रिकव्हरी १८. स्टार्टअप म्हणजे लाथ लागण्याआधीची तयारी. ॲक्टिव्ह फ्रेममध्ये हिटबॉक्स चालू असतो; समोरच्याचं शरीर त्या अदृश्य चौकटीत आलं तर मार बसतो. रिकव्हरीत पाय परत येतो, आणि तोवर खेळाडूला सहसा दुसरं काही करता येत नाही.

इथे मोजणीची एक पद्धत पक्की लक्षात ठेवावी लागते. स्ट्रीट फायटरच्या तक्त्यांमध्ये ‘स्टार्टअप ८’ म्हणजे आठव्या फ्रेमला मार लागतो, त्याआधीच्या रिकाम्या फ्रेम सातच. म्हणून आपल्या लाथेची एकूण लांबी ८ अधिक ३ अधिक १८ अशी २९ नाही, तर २८ फ्रेम आहे: ७ तयारीच्या, आठवी ते दहावी माराच्या, अकरावी ते अठ्ठाविसावी परतीच्या. काही तक्ते स्टार्टअपमध्ये फक्त रिकाम्या फ्रेम मोजतात. डिझायनर एका पद्धतीने मोजत असेल आणि प्रोग्रामर दुसऱ्या, तर गेममधला प्रत्येक हल्ला एका फ्रेमने चुकतो.

एका फ्रेमने काय बिघडतं ते बचाव करणाऱ्याच्या बाजूने पाहू. लाथ आठव्या फ्रेमला ब्लॉक झाली. मारणाऱ्याच्या आणखी २० फ्रेम बाकी आहेत. ब्लॉक करणारा त्या धक्क्याने १६ फ्रेम अडकतो असं धरलं, तर तो ४ फ्रेम आधी मोकळा होतो. स्ट्रीट फायटर ६ मध्ये रियू या लढवय्याचा उभ्याने मारलेला हलका ठोसा चौथ्या फ्रेमला लागतो. म्हणजे तेवढ्या अंतरात पोचत असेल तर त्या ठोशाने या लाथेची शिक्षा हमखास देता येते. आता तीच लाथ थोड्या लांबून किंवा उठत्या प्रतिस्पर्ध्यावर अशी टाकली, की तिची शेवटची ॲक्टिव्ह फ्रेम, म्हणजे दहावी, ब्लॉकला लागेल. आता मारणाऱ्याच्या १८ फ्रेमच उरतात आणि तोटा ४ वरून २ वर येतो. तोच ठोसा आता वेळेत पोचत नाही. चांगले खेळाडू या दोन फ्रेमसाठी तासन्‌तास सराव करतात, आणि म्हणूनच तक्त्यातला आकडा आणि पडद्यावरचं चित्र यांच्यात फारकत झाली की त्यांना ती लगेच खुपते.

आता ॲनिमेटरकडे जाऊ. त्याने लाथेची एक सुंदर क्लिप बनवली आहे, ०.९० सेकंदांची. ०.२० सेकंदाला गुडघा छातीशी येतो, ०.४० ला पाय पूर्ण सरळ होतो, ०.५० पर्यंत तो तसाच ताणलेला राहतो आणि मग खाली येतो. माणूस खरोखर लाथ मारतो तेव्हा असाच वेळ घेतो, त्यामुळे क्लिप डोळ्यांना पटते. पण गेमने दिलेला वेळ २८ फ्रेमचा, म्हणजे ०.४७ सेकंदांच्या आसपास.

पहिल्यांदा सुचणारा उपाय सरळ असतो: अख्खी क्लिप जवळजवळ दुप्पट वेगाने चालवायची. एकूण लांबी बरोबर जुळते, म्हणून काम झालं असं वाटतं. पण आठव्या फ्रेमला थांबून पाहा. क्लिप तेव्हा ०.२६ सेकंदांवर आहे, गुडघा नुकताच उलगडू लागलाय. दहाव्या फ्रेमला ती ०.३२ वर आहे, पाय अजून सरळ नाही. पाय पूर्ण ताणला जातो तो बाराव्या फ्रेमनंतर, म्हणजे हिटबॉक्स बंद होऊन दोन फ्रेम उलटल्यावर. खेळाडूला दिसतं ते असं, की वाकलेल्या गुडघ्याने मार बसला आणि सरळ झालेला पाय समोरच्याच्या अंगातून आरपार गेला. शेवट जुळला, पण मधला महत्त्वाचा क्षण जुळला नाही.

म्हणून क्लिप एका वेगाने ओढायची नाही. तिच्यावर खुणा करायच्या आणि प्रत्येक खूण विशिष्ट फ्रेमला बांधायची. खुणांच्या मधला भाग जसा बसेल तसा दाबला किंवा ताणला जातो. पायथॉनमध्ये हे एवढंच आहे:

```python
import numpy as np

frame = [0, 8, 10, 28]
clip  = [0.00, 0.40, 0.50, 0.90]

def clip_time(f):
    return np.interp(f, frame, clip)
```

आठव्या फ्रेमला क्लिप ०.४० वरच असणार, कारण तसं बांधलंय. तयारीचा भाग मूळ वेगाच्या तिप्पट चालतो, परतीचा भाग एक-तृतीयांशाने जलद. वेग सारखा नाही हे बघणाऱ्याला जाणवत नाही. जलद तयारी आणि त्यामानाने सावकाश परत येणारा पाय यामुळे लाथेला उलट जोर आल्यासारखा वाटतो.

तरी एक तक्रार उरते. तयारी तिप्पट वेगाने गेली की छातीशी आलेला गुडघा जेमतेम चौथ्या फ्रेमला दिसतो आणि नाहीसा होतो. तीच तर हल्ल्याची ओळख होती. माणसाला दिसलेल्या गोष्टीवर बोट हलवायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. आठ फ्रेमच्या लाथेला पाहून उत्तर देता येत नाही, हे खरं. पण कोणता हल्ला आला हे नंतर तरी कळावं लागतं, नाहीतर हरलेल्या खेळाडूला आपण कशाने हरलो तेच समजत नाही. आणि २० फ्रेमच्या आसपास येणाऱ्या वरून मारलेल्या हल्ल्यांचा तर सगळा डाव त्यांची तयारी डोळ्यांना पकडता येण्यावरच बेतलेला असतो.

यावरचा उपाय म्हणजे खुणा वाढवणं. शून्यावरून दुसऱ्या फ्रेमपर्यंत झटकन ०.१८ वर जायचं, पाचव्या फ्रेमपर्यंत ०.२२ वरच घुटमळायचं आणि मग तीन फ्रेममध्ये ०.४० गाठायचं. ॲक्टिव्ह भागातही पाय ०.४० ते ०.४३ एवढाच हलू द्यायचा, म्हणजे मार चालू असताना ताणलेला पाय जवळजवळ स्थिर राहतो आणि हिटबॉक्सची चौकट चित्रावर नीट बसते.

```python
frame = [0, 2, 5, 8, 10, 28]
clip  = [0.00, 0.18, 0.22, 0.40, 0.43, 0.90]
```

परतीचा वेग यामुळे दीडपटीच्या थोडा वर जातो; माझ्या मते हा सौदा नेहमी करण्यासारखा आहे. हातात फ्रेम मोजक्याच असतील तर मधल्या हालचालीपेक्षा ठळक पोझवर त्या खर्च कराव्यात. २०१४ साली आलेल्या गिल्टी गिअर एक्सर्डने हा विचार टोकाला नेला. त्यातले लढवय्ये त्रिमितीय मॉडेल आहेत, पण आर्क सिस्टम वर्क्सच्या चमूने पोझांमधल्या जागा आपोआप भरणं बंदच ठेवलं. प्रत्येक पोझ हाताने बसवलेली आणि काही फ्रेम जशीच्या तशी धरून ठेवलेली. परिणाम हाताने काढलेल्या ॲनिमेसारखा दिसतो, आणि कोणती पोझ कितव्या फ्रेमला येणार याबद्दल शंकाच उरत नाही.

वरच्या कोडमधली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याची दिशा. फ्रेमचा आकडा आत जातो आणि क्लिपची वेळ बाहेर येते. उलट दिशाही सर्रास वापरली जाते: क्लिपमध्ये ०.४० वर एक इव्हेंट ठेवायचा आणि तो आला की हिटबॉक्स चालू करायचा. इतर प्रकारच्या गेममध्ये हे चालून जातं. इथे चालत नाही, कारण ॲनिमेशन पडद्याच्या वेगाने पुढे सरकत असेल तर संथ मशीनवर एखादी फ्रेम उशिरा येते आणि इव्हेंट कधी आठव्या तर कधी नवव्या फ्रेमला सुटतो. हिटबॉक्स तक्त्याने चालू-बंद करायचा आणि चित्राने त्याच्या मागे यायचं, एवढं पाळलं की अनेक गोष्टी फुकटात सुटतात. मार लागल्यावर दोघे क्षणभर गोठतात, त्याला हिटस्टॉप म्हणतात. तेव्हा फ्रेमची मोजणी थांबवली की चित्रही थांबतं आणि तक्ता बदलावा लागत नाही. ऑनलाइन खेळात रोलबॅक नेटकोड काही फ्रेम मागे जाऊन सामना पुन्हा मोजतो. लढवय्या कोणत्या हल्ल्याच्या कितव्या फ्रेमवर होता एवढं साठवलेलं असेल तर त्याची पोझ तिथल्या तिथे परत काढता येते.

क्लिपमधूनच लढवय्याला पुढे सरकवण्याची सवय मात्र इथे घात करते. समजा या लाथेत तो एक छोटं पाऊल पुढे टाकतो आणि ते पाऊल क्लिपमध्ये ०.२० ते ०.४० च्या दरम्यान आहे. आपण खुणा हलवल्या की आठव्या फ्रेमपर्यंतचं एकूण अंतर तेच राहतं, पण सहाव्या-सातव्या फ्रेमला तो कुठे असेल हे बदलतं. त्याच क्षणी समोरच्यानेही हल्ला केला असेल, तर त्याचा हिटबॉक्स आता याला गाठेल की नाही, हे कुणी न ठरवताच बदललेलं असतं. म्हणून प्रत्येक फ्रेमला किती सरकायचं हेही तक्त्यात लिहावं आणि क्लिप जागच्या जागी मारलेल्या लाथेची ठेवावी.

हे सगळं बरोबर बसलं की नाही हे पूर्ण वेगात पाहून कळत नाही. गेम थांबवून एकेक फ्रेम पुढे न्यावी, हिटबॉक्स रंगाने दाखवावा आणि आठव्या, दहाव्या व अकराव्या फ्रेमला नजर ठेवावी. आठव्याला पाय चौकटीत पोचलेला हवा, अकराव्याला चौकट गेलेली आणि पाय मागे निघालेला हवा. स्ट्रीट फायटर ६ च्या ट्रेनिंग मोडमधला फ्रेम मीटर हीच तीन टप्प्यांची पट्टी खेळाडूंना रंगांत दाखवतो, त्यामुळे चित्र आणि आकडा यांतली तफावत आता प्रेक्षकांनाही सापडते.

पुढे तोल साधण्यासाठी डिझायनर आकडे बदलतोच. स्टार्टअप ८ चा ९ झाला तर एक फ्रेम घुटमळणाऱ्या गुडघ्याला द्यायची, पुढच्या खुणा एकेक फ्रेम सरकवायच्या. ॲनिमेटरला बोलवावं लागत नाही. ८ चा १४ झाला तर ओळखीच्या पोझवर ९ फ्रेम काढाव्या लागतात आणि लढवय्या अडखळल्यासारखा दिसतो. तिथे नवी पोझच हवी. उलट ८ चा ४ केला, तर छातीशी येणारा गुडघा मावणारच नाही. तेव्हा खुणा कितीही हलवल्या तरी भागत नाही. दुसरी, आखूड लाथ काढून घ्यावी लागते.