पांढऱ्या केसांना मेंदी: हिरवी पावडर आणि पाकिटातली ‘काळी मेंदी’

दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात आणि दोन्हींवर मेंदीचं पान छापलेलं असतं. पण एक आहे वाळवून दळलेला मेंदीचा पाला, तर दुसरा बहुतेक वेळा पावडरच्या रूपातला रासायनिक हेअर डाय, चवीपुरती मेंदी घातलेला. पाकिटाची मागची बाजू वाचा. घटकांत पॅरा-फेनिलिनडायअमिन, म्हणजे पीपीडी दिसलं, की तो डाय समजायचा, पुढे ‘हर्बल’ कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असो. शिवाय वेळ बघा. अर्ध्या तासात काळेभोर केस ही नुसत्या मेंदीच्या आवाक्यातली गोष्ट नाही.

मेंदीत रंग एकच, लालसर केशरी. काळ्या केसावर तो जेमतेम उन्हात चमकतो. पांढऱ्या केसात स्वतःचा रंगच उरलेला नसल्यामुळे तिथे तो जसाच्या तसा उठतो. खांद्यापर्यंतचे, निम्मे पिकलेले केस धरा. शंभर ग्रॅम पावडर कोमट पाण्यात दह्याइतकी घट्ट कालवून रात्रभर झाकून ठेवायची. उन्हाळ्यात चार-पाच तासही पुरतात. वर तपकिरी साय धरली की रंग सुटला. धुतलेल्या, तेल नसलेल्या केसांना जाड थर लावून तीन तास ठेवायची आणि नुसत्या पाण्याने धुवायची. आरशात पहिल्यांदा दिसेल ते गाजरी केशरी. इथेच बऱ्याच जणी घाबरून लगेच शाम्पू करतात आणि रंग पक्का व्हायच्या आत काढून टाकतात. दोन-तीन दिवसांत हवेने तो गडद होऊन तांबूस तपकिरी होतो. काळ्यांच्या मध्ये ते पांढरे केस तांबड्या बटांसारखे दिसतात. काळे मात्र होत नाहीत. लोखंडी कढईत भिजवली, चहा-कॉफी घातली, तर छटा जरा मंदावेल इतकंच.

काळाच हवा असेल आणि डाय नको असेल, तर मेंदी धुतल्यावर निळीच्या पाल्याची पावडर लावतात. कपड्यांची नीळ नव्हे! ही पाल्याची पावडर साध्या पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यावी आणि तासभर ठेवावी. आधी हिरवट दिसते, दुसऱ्या दिवसापर्यंत गडद होते.

कोरडेपणाचीही दोन वेगळी कारणं आहेत. मेंदीचा रंग केसाच्या प्रथिनाला चिकटतो, त्यामुळे केस धुतल्यावर राठ, कडक लागतो. त्यात लिंबू पिळलं की आणखी. रंग सुटायला पाणी पुरतं, लिंबाची गरज नाही. लावण्याआधी तेल घालून हा कोरडेपणा टाळायला जाऊ नका, तेलावर रंग बसत नाही. मेंदी निघाली की केस वाळवून रात्री खोबरेल लावायचं आणि दुसऱ्या दिवशी सौम्य शाम्पू. दर वेळी सगळ्या केसांना लावण्यापेक्षा फक्त मुळांना लावली, तर टोकांवर थरावर थर चढत नाहीत. डायचं वेगळं आहे. तो केसाचा पापुद्रा उघडून आत शिरतो आणि त्याने आलेला कोरडेपणा तेलाने तेवढा भरून येत नाही. म्हणून तिथे पाकिटावरची वेळ ओलांडू नये.

कपाळावर डाग पडू नये म्हणून कडेने व्हॅसलीन लावतात, पण पांढरे केस नेमके कानशिलांजवळच जास्त. व्हॅसलीन त्या केसांना लागलं तर तेच कोरे राहतात. म्हणून केसांची कड सोडून, बोटभर खालच्या कातडीवर पातळ पट्टा ओढावा, कानांच्या पाळ्या आणि मानेची मागची बाजूही विसरू नये. मेंदी घट्ट ठेवावी, ओघळणारी मेंदीच डाग पाडते. मळलेली जागा ओल्या कापसाने तेव्हाच पुसायची, तासाभराने नाही. हातमोजे हवेतच. एवढं करूनही कपाळावर केशरी छटा राहिली, तर तेल चोळून पुसा. उरलेली काही दिवसांत आपोआप उतरते, कारण कपाळाची कातडी तळव्यासारखी जाड नसते.

डायचा काळा डाग मात्र नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. पीपीडीची अ‍ॅलर्जी असेल तर कपाळाला खाज, पुरळ, पापण्यांना सूज येते, तीही कधी एक-दोन दिवसांनी. वर्षानुवर्षं लावणाऱ्यांनाही ती अचानक सुरू होऊ शकते. म्हणून प्रत्येक वेळी आधी कानामागे थोडा लावून ४८ तास बघायचं. खाज सुटली तर लगेच धुऊन टाका आणि ते पाकीट पुन्हा वापरू नका. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर ताबडतोब डॉक्टर गाठा.