वेळापत्रकात ‘फेरा’ निघाला म्हणून यादी परत का येते? घर बांधणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

वेळापत्रकासाठी कामांची यादी आमच्याकडे पाठवली आणि आम्ही ती तारखेऐवजी ‘फेरा आहे’ असा शेरा मारून परत केली, की बहुतेकांचा फोन येतो: “तुम्हीच काय ते दुरुस्त करून टाका ना!” तसं आम्ही का करत नाही आणि तुमच्या पातळीवर हे दहा मिनिटांत कसं सुटतं, ते इथे एका घराचा हिशोब धरून सांगतो.

जोतं झालेलं, चिऱ्याच्या भिंतींचं कौलारू घर धरू. ग्राहकाने दिलेली कामं आठ: भिंती २४ दिवस, वासे-रिपांचं सुतारकाम १५, छप्पर उभारणी ८, कौलं ६, वायरिंग ५, आतला गिलावा १२, लादी ९, रंग १०. कुठलं काम कुणानंतर, हे बाणाने दाखवायचं. बाणावर आधीच्या कामाचे दिवस येतात आणि मध्ये थांबायचं असेल तर तेही त्यातच मिळवायचे. भिंतींवरच्या काँक्रीटच्या बेल्टला ७ दिवस पाणी मारायचं आहे, म्हणून भिंतींकडून छपराकडे जाणारा बाण २४ चा नाही, ३१ चा. गिलावा सुकायला १४ दिवस, म्हणून गिलाव्याकडून रंगाकडे जाणारा बाण २६ चा.

आता या ग्राहकाने वायरिंगपुढे लिहिलं होतं ‘गिलाव्यानंतर’, कारण स्विचबोर्ड गिलाव्यानंतरच बसतात. गिलाव्यापुढे लिहिलं होतं ‘वायरिंगनंतर’, कारण भिंतीतल्या खाचा आणि पाइप गिलाव्याखाली झाकले जायला हवेत. दोन्ही वाक्यं खरी, पण एकत्र ठेवली की दोन्हींतलं एकही काम कधी सुरू होत नाही. यालाच आम्ही फेरा म्हणतो.

आमचं कोष्टक आधी क्रम लावतं. ज्या कामाकडे एकही बाण येत नाही ते उचलायचं, त्याच्याकडून निघणारे बाण पुसायचे आणि पुन्हा तसं मोकळं काम शोधायचं. ही रीत १९६२ साली ए. बी. कान यांनी मांडली, तीही अशाच प्रकल्पांच्या जाळ्यांसाठी. वरच्या यादीत भिंती, सुतारकाम, छप्पर आणि कौलं एकामागून एक सुटतात आणि गाडी थांबते. वायरिंग, गिलावा, लादी आणि रंग उरतात.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. उरलेली चारही कामं चुकीची आहेत असं समजून ग्राहक सगळ्यांचे बाण बदलतात. लादी आणि रंग फक्त फेऱ्याच्या मागे अडकलेत, त्यांचा दोष काही नाही. खरा फेरा शोधायचा तर उरलेलं कोणतंही काम घ्या आणि ‘याच्या आधी काय?’ असं विचारत उरलेल्यांतच मागे चला. रंगाआधी लादी, लादीआधी गिलावा, गिलाव्याआधी वायरिंग, वायरिंगआधी पुन्हा गिलावा. जे नाव दुसऱ्यांदा आलं, तिथून तिथपर्यंत फेरा.

फेरा दिसला की घाईत एक बाण खोडून टाकतात, आणि सगळ्यांत जास्त वेळ याच चुकीत जातो. समजा ‘गिलावा वायरिंगनंतर’ हा बाण खोडला. कोष्टक लगेच चालतं आणि एकूण ८१ दिवस दाखवतं. बरोबर यादीलाही ८१ च दिवस लागतात, म्हणून कागदावरून कुणाला संशय येत नाही. साइटवर मात्र ५७ व्या दिवशी गिलावा पुरा होतो, मग वायरमन येऊन ताज्या गिलाव्यात खाचा मारतो आणि त्याला ५ दिवस लागतात. गवंड्याला त्या बुजवायला २ दिवस धरा आणि सुकण्याचे १४ दिवस पुन्हा पहिल्यापासून. ७१ व्या दिवशी येणारा रंगारी ७८ व्या दिवशी येतो, म्हणजे आठवडा गेला.

म्हणून बाण खोडू नका, काम फोडा. वायरिंग हे एक काम नाहीच. ‘पाइप आणि बॉक्स’ भिंतींनंतर आणि गिलाव्याआधी, ५ दिवस. ‘तार ओढणं आणि जोडणी’ गिलाव्यानंतर आणि रंगाआधी, ४ दिवस. कुठला बाण खरा आणि काम कुठे फुटतं हे तुमचा गवंडी आणि वायरमन सांगू शकतात, ऑफिसात बसून आम्ही नाही. अंदाजाने फोडून दिलेली तारीख तुम्ही खरी धरून चालाल, म्हणून यादी परत करतो.

फेरा सुटला की हिशोब सरळ आहे. लावलेल्या क्रमाने एकेक काम घ्यायचं आणि त्याच्याकडून निघणाऱ्या प्रत्येक बाणाने पुढच्या कामाची सुरुवात मोठी होते का ते पाहायचं, होत असेल तर वाढवायची. भिंती आणि सुतारकाम शून्यापासून. पाइप २४ व्या दिवसानंतर. छपराकडे भिंतींकडून ३१ येतात, सुतारकामाकडून १५, म्हणून ३१. कौलं ३९ नंतर, संपतात ४५ ला. गिलाव्याकडे कौलांकडून ४५ आणि पाइपांकडून २९, म्हणून ४५. लादी आणि तारा ५७ नंतर. रंगाकडे लादीकडून ६६, तारांकडून ६१, पण सुकणाऱ्या गिलाव्याकडून ७१, म्हणून रंग ७१ ते ८१.

क्रम महत्त्वाचा का, तेही यातच दिसतं. एखादं काम हाती येतं तेव्हा त्याच्या आधीच्या सगळ्यांचे आकडे पक्के झालेले असतात, म्हणून प्रत्येक बाण एकदाच पाहावा लागतो. तुमच्या यादीच्या क्रमाने गेलो आणि गिलावा कौलांच्या आधी आला, तर त्याला २९ मिळतात आणि घर ६५ दिवसांत पुरं झालेलं दिसतं. म्हणजे छप्पर नसताना गिलावा!

“सगळ्यांत जवळची वाट का नाही धरत?” असंही विचारलं जातं. कारण इथे एक वाट निवडायची नसते, सगळ्या वाटा पुऱ्या व्हाव्या लागतात, म्हणून सगळ्यांत लांब वाटच घराची तारीख ठरवते. आपल्या घरात ती भिंती, छप्पर, कौलं, गिलावा, रंग अशी आहे. लहानात लहान आकडा आम्ही परतीच्या फेरीत घेतो: ८१ पासून उलट क्रमाने मागे येत बाणाचे दिवस वजा करायचे आणि मिळणाऱ्या आकड्यांतला लहान ठेवायचा. त्यातून प्रत्येक कामाची उशिरात उशिरा सुरुवात कळते. लादी ६२ पर्यंत थांबू शकते, म्हणजे ५ दिवसांची सवड. सुतारकामाला १६ दिवसांची. सुतार लवकर यावा म्हणून जादा मजुरी देऊ नका, घर एक दिवसही आधी होणार नाही.

हे आकडे सुट्ट्या न धरता आहेत. शिमग्यात सुतार पालखीला जातो, पण बेल्टला पाणी मारायचे दिवस चालूच राहतात, म्हणून कामाचे दिवस आणि थांबण्याचे दिवस वेगळे लिहा. १ मार्चला सुरुवात केली तर २० मेपर्यंत रंग पुरा होतो. १ एप्रिलला केली तर गिलावा मे अखेरीस संपून मृगात सुकत राहतो, तिथे आम्ही १४ चे २८ धरतो.

यादी पाठवताना चार रकाने पुरे: काम, दिवस, कशानंतर, मध्ये थांबायचे दिवस. पहिली फेऱ्याची तपासणी आम्ही पैसे न घेता करतो. गवंडी आणि वायरमन यांच्यासोबत साइटवर बसून यादी करून हवी असेल तर आमचा माणूस येतो, त्याचे पैसे लागतात, पण सहसा त्या एका बैठकीतच सगळे फेरे सुटतात.