पोस्टकार्ड-कविता (हॉस्टेलमधून आईला)

हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या मुलाने आईला टाकलेल्या कार्डाच्या रूपात लिहिलेली छोटी कविता म्हणजे पोस्टकार्ड-कविता. वरवर फक्त खुशाली कळवलेली असते, पण वाचणाऱ्याला कळतं ते भलतंच.

भारतात पोस्टकार्ड १८७९ मध्ये पाव आण्याला सुरू झालं. त्याला पाकीट नसतं, त्यामुळे पोस्टमनपासून शेजारच्या काकूंपर्यंत कुणीही ते वाचू शकतं, आणि आईला वाचता येत नसेल तर गल्लीतलंच एखादं पोर मोठ्याने वाचून दाखवणार, मग ताप, उधारी, रडू हे सगळं त्यावर लिहायचं कसं? वर जागाही तळहाताएवढीच. आणि मदतीला पत्राचे ठरलेले शब्द असतात, म्हणजे 'ती. आईस शि. सा. न.', 'इकडील सर्व क्षेम', 'कळावे', ज्यांच्या आड काहीही लपवता येतं.

या कामाला मोठ्या अभंगाचा साचा फार छान बसतो असं मला वाटतं. तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा फक्त चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला (जोडाक्षर एकच धरायचं). चौथा चरण तोकडा असल्यामुळे बोलता बोलता जीभ चावल्यासारखं होतं. नमुना म्हणून इथे रचलेल्या या ओळी बघा:

इकडील क्षेम । जेवतो वेळेला ।
ताप नाही आला । आज तरी ॥

स्वेटर मिळाला । लाडूही पुरले ।
वाटून उरले । दोनचार ॥

दिवाळीला येतो । नको वाट पाहू ।
जागी नको राहू । रात रात ॥

पहिल्या कडव्यात पोरगा खोटं बोलत नाही, पण 'आज तरी' म्हटलं आणि काल-परवा ताप होता हे आईला कळलंच. दुसऱ्यात लाडू 'पुरले' म्हणतो तरी दोनचार राखून ठेवलेत, का ते सांगत नाही. तिसऱ्यात तर आई रात्रभर जागी असते हे त्याला माहीत आहे म्हणजे तोही जागाच असणार, पण ते कुठेच लिहिलेलं नाही.

ही कविता बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने, कवीला धीर धरवत नाही आणि तो शेवटी 'आई तुझी खूप आठवण येते' लिहून मोकळा होतो. तपासायला चौथे चरण हाताने झाकून वाचायचं. उरलेलं नुसतं खुशालीचं पत्र वाटलं पाहिजे. झाकल्यावरही दुःख दिसत असेल तर पोराने आधीच सगळं सांगून टाकलंय.

'ता. क.' वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो. चालतो, पण तिथे कामाचंच काहीतरी यावं, जसं की 'पांघरूण पाठवू नये, रूममेटकडे जादा आहे'.